तीस फवारे

ठोक्याला अजून पाच महिने कुणी हात लावणार नव्हतं.

ट्रेनिंगच्या तक्त्यात त्याच्या नावासमोर फिट टेस्टच्या रकान्यात जी तारीख होती, ती पाच महिन्यांनंतरची होती. चौकट हिरवीगार. डबा खायला जाताना तो बोर्डासमोर एक सेकंद थांबायचा, तेवढी एक चौकट बघायचा आणि पुढे व्हायचा. बाकीचे लोक त्या कागदाकडे ढुंकूनही बघत नसत. ठोक्या मात्र त्या हिरव्या रंगावर जगत होता.

कारखाना जुन्या पिंपांचा. कुठलं शाईचं, कुठलं तेलाचं, कुठलं रंगाचं, अशी रिकामी लोखंडी पिंपं ट्रकने यायची. ती आतून थिनरने धुवायची, पोचे काढायचे, रंग मारायचा आणि परत विकायची. ठोक्या नववीतून शाळा सोडून इथे चिकटला तो कायमचाच. बोटांच्या पेरांनी पिंपावर ठक्‌ठक् करून आत किती माल उरलाय ते तो सांगायचा आणि कधी चुकायचा नाही. म्हणून ठोक्या. खरं नाव पगाराच्या कागदावर आणि त्या तक्त्यात. बास.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे धुण्याची खोली. थिनरची वाफ तिथे अशी भरलेली असते की मास्कशिवाय माणूस दहा मिनिटांत झिंगतो आणि तासाभरात आडवा होतो. म्हणून तोंडावर रबरी मास्क, दोन्ही गालांवर दोन गोल फिल्टर. आणि आत जायचं ते दोघांनी. एकटा कधीच नाही. दारावर फोरमन परमिट लिहायचा. लिहायच्या आधी दोघांची नावं तक्त्यात बघायचा. डोळे, छाती, फिट टेस्ट म्हणजे मास्क तोंडाला नीट बसतो का ते, आगीचं ट्रेनिंग, चार चौकटी. एक जरी लाल असली तर परमिट नाही, मग तुम्ही फोरमनचे जावई असा नाहीतर कुणीही.

ठोक्याबरोबर आत जायचा त्याचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. तोंडाने फाटका, पण दाजींसाठी जीव टाकणारा.

आता खरी गोष्ट. दीड वर्षापूर्वी ठोक्याला ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला आणि जाताना नाक आणि जीभ घेऊन गेला. वास नाही, चव नाही. आधी त्याला वाटलं, येईल परत. महिना गेला, दोन गेले. एक दिवस घरी एकटा असताना गॅसवर दूध करपून पातेलं काळं झालं, खोलीभर धूर झाला, आणि हा शेजारच्या खोलीत पोरीच्या वहीला कव्हर घालत बसला होता. बायको बाहेरून आली ती बोंबलतच आली. त्या दिवशी त्याने तिला सांगितलं. मग मेहुण्याला. तिसऱ्या माणसाला नाही.

सांगणार कसं? फिल्टरचे तास ठरलेले असतात, पण एखादं पिंप असं वंगाळ येतं की फिल्टर तासांच्या आधीच मरतो. तेव्हा सांगतं ते नाक. आत गोडूस वास आला की उठायचं आणि पळायचं. ज्याला वासच येत नाही त्याला ती खोली कोण देईल? आणि ती खोली गेली की ठोक्या काय करणार? त्याला दुसरं काही येतच नव्हतं, असं त्याला तरी वाटायचं.

मग दोघांनी आपली एक रीत काढली. मेहुण्याला वास आला की तो दोन बोटं वर करायचा. बोटं दिसली की ठोक्याने हातातलं टाकून बाहेर. ठोक्या दर मिनिटाला मान वळवून बघायचा, बोटं आहेत का, बोटं आहेत का. वर्षभर त्याची मान दुखत होती. बायकोने तेल चोळून दिलं, पण ते दुखणं तेलाने जाणारं नव्हतं.

आणि मागच्या वर्षीची फिट टेस्ट? ती कशी झाली ते त्याचं त्याला माहीत. डोक्यावर एक पारदर्शक टोपडं घालतात आणि त्यात कडू पाण्याचा फवारा मारतात. आधी मास्क न घालता. कडू लागलं की सांगायचं, म्हणजे तुमची जीभ चालते हे कळतं. मग मास्क घालून तोच फवारा. आता कडू लागलं तर मास्क गळतोय, तुम्ही नापास. नाही लागलं तर पास. आता ज्याला काहीच लागत नाही तो मास्क फाटका असला तरी पासच होणार की! म्हणून तर आधी जीभ तपासतात. ठोक्याच्या आधीचा माणूस दहाव्या फवाऱ्याला तोंड वाकडं करून ओरडला होता. ठोक्यानेही दहा मोजले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "अरारारा, कडू!" पास झाला.

पास झाल्यावर तो संडासात जाऊन पाच मिनिटं नुसता उभा राहिला होता.

एका सोमवारी बोर्डावर नवा तक्ता लागला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

फिट टेस्टचा जुना रकाना तसाच होता, पण शेजारी एक नवाच रकाना आला होता. 'फिट टेस्ट – नवा मास्क.' धुण्याच्या खोलीतली चौदाच्या चौदा नावं त्यात लाल. खाली वेगळा कागद: येत्या तिमाहीआधी नूतनीकरण लागणारे. त्यात सातवं नाव त्याचं.

तो तडक ट्रेनिंगच्या खोलीत गेला. तिथे तक्ता सांभाळणाऱ्या मॅडम बसायच्या. बुटक्या, चष्मा कपाळावर, समोर कायम चार रंगांचे पेन.

"मॅडम, माझी तारीख अजून पाच महिने आहे."

"आहे ना. जुन्या मास्कची." मॅडमनी चष्मा खाली घेतला. "एक तारखेपासून कंपनी बदलतेय. नवा मास्क, नवा आकार. फिट टेस्ट माणसाची नसते रे, माणूस आणि मास्क या जोडीची असते. मास्क बदलला की जुना कागद रद्दी."

"म्हणजे सगळ्यांचीच?"

"सगळ्यांची. एक तारखेच्या आत. नाहीतर पुढची तिमाही लालमध्ये सुरू होईल आणि खोली बंद पडेल. फोरमन माझं डोकं खाईल. दोन गट केलेत. जोडीतला एक पहिल्या गटात, दुसरा दुसऱ्या गटात, म्हणजे काम थांबत नाही. तुझा मेहुणा या बुधवारी. तू पुढच्या." त्यांनी वर बघितलं. "काय रे? घाम का आलाय तुला?"

"उकडतंय."

"पंखा चालू आहे," मॅडम म्हणाल्या आणि परत कागदात बुडाल्या.

बुधवारी मेहुणा नापास झाला.

नवा मास्क त्याच्या चेहऱ्याला मोठा. मान वळवली की कडेने फट. "दाजी, असं कडू, असं कडू, की वाटलं कुणी जिभेवर कारलं घासलं," तो बाहेर येऊन थुंकत सांगत होता. "छोटा आकार पाहिजे म्हणे. तो यायला दीड महिना. तोवर माझं नाव लाल. नापास झालेल्याला जुना मास्क घालूनही आत घेत नाही म्हणतो फोरमन, मला आवारात टाकलंय."

ठोक्या पिंपाला टेकून उभा होता. "मग माझ्याबरोबर कोण?"

मेहुण्याचा चेहरा पडला. त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. "आई शप्पथ," तो हळूच म्हणाला. "दाजी. बोटं कोण वर करणार?"

फोरमनने संध्याकाळी एक तारखेपासूनचा जोडीदार दिला. पैलवान. माल चढवणारा, दोन पिंपं एकदम उचलणारा, मनाने लहान लेकरू. त्याची चार दिवसांपूर्वी सगळी ट्रेनिंगं झाली होती. तक्त्यात त्याची ओळ अशी हिरवी की डोळ्याला गारवा. नव्या मास्कची टेस्टही पहिल्याच फटक्यात पास. पण धुण्याच्या खोलीत त्याने अजून पाऊल टाकलं नव्हतं.

"ठोक्यादादा, मला एकच भीती वाटते बघ," पैलवान त्याच्याबरोबर फाटकाकडे चालता चालता म्हणाला. "तो वास. फोरमन सांगतो गोडूस वास आला की पळ. पण मला काय कळणार, गोडूस कुठला आणि साधा कुठला? इथे सगळ्याचाच वास येतो. मी काय करणार सांगू? मी नुसता तुझ्याकडे बघणार. तू उठलास की मी उठलो. वीस वर्षं झाली तुला. तुझ्या नाकावर मी डोळे मिटून आत येतो."

ठोक्याने गालावर हात दाबून धरला.

"काय झालं?"

"काही नाही. दात दुखतोय."

"लवंग धर," पैलवान म्हणाला आणि निघून गेला.

घरी जेवताना ठोक्याच्या हातातला घास हातातच राहिला. बायको बघत होती.

"अहो, काय झालंय?"

त्याने सांगितलं. मेहुणा, पैलवान, एक तारीख. बायको पाण्याच्या भांड्यावरून बोट फिरवत राहिली.

"टेस्ट परत तशीच देणार का?" तिने विचारलं.

"दिली तर पास होईन. दहाला तोंड वाकडं केलं की झालं."

"आणि मग ते पैलवान?"

"तू पण असं बोल."

"मी काय बोलले?" ती म्हणाली. "मी विचारलं फक्त."

पोरीने अभ्यासातून मान वर करून विचारलं, "बाबा, पैलवान कोण?" आणि ठोक्या ताटावरून उठला.

तो आठवडा असा गेला की त्याचं त्यालाच कळलं नाही कसा. जुना मास्क घालून तो आत जायचा आणि शेजारी मेहुणा नसायचा, कधी एक कधी दुसरा असायचा. कुणाची बोटं वर होणार नव्हती. तो फिल्टर ठरल्या वेळेच्या अर्ध्यातच बदलायला लागला. स्टोअरवाला ओरडला, "काय रे, खातोस का फिल्टर?" पट्टे इतके आवळायचा की संध्याकाळी चेहऱ्यावर लाल वळ. बाहेर आला की हात बघायचा, थरथरतात का. थरथरायचे. आता ते थिनरने की भीतीने, ते कुणाला विचारणार?

दुसरा बुधवार आला. ट्रेनिंगच्या खोलीत खुर्ची, खुर्चीवर तो, टेबलावर कागद. तपासणारा बाहेरून आलेला, तरणा, नीट बोलणारा. कोपऱ्यात मॅडम तक्त्यात तारखा भरत बसलेल्या. भिंतीपाशी बाकावर पैलवान, कारण फोरमनने त्याला जोडीदाराबरोबर पाठवलं होतं.

"दाढी केलीय?"

"सकाळी. दोनदा."

"पंधरा मिनिटांत काही खाल्लं-प्यायलं? चहा, गुटखा?"

"नाही."

"छान. तोंड उघडं ठेवा, जीभ जरा बाहेर. कडू लागलं की सांगा. मी आधी दहा मारेन, मग वीस, मग तीस. तिसाच्या पुढे नाही."

टोपडं डोक्यावर आलं. आत त्याचाच श्वास मोठा ऐकू यायला लागला. पुढच्या प्लॅस्टिकवर वाफ धरली आणि पलीकडचं सगळं धूसर झालं. फुस्. फुस्. फुस्. तो मोजत होता. चार. पाच. जीभ कोरडी, लाकडासारखी. सहा. आता दहाला म्हणायचं. सात. तोंड वाकडं करायचं, अरारारा म्हणायचं, संपलं. आठ. बाकावर एक मोठा धूसर ढीग दिसत होता, म्हणजे पैलवान. नऊ.

दहा.

तोंड उघडंच होतं. 'अ' ओठावर आला होता.

पण नाही आला बाहेर.

"दहा झाले. काही?"

ठोक्याने मान हलवली. नाही.

"ठीक आहे. काही जणांना उशिरा लागतं." फुस्. फुस्.

तेरा, चौदा. अजून म्हणता येत होतं. वीसला लागलं म्हटलं तरी चालतं, तपासणाराच म्हणाला होता. कानात रक्त धडधडत होतं. सतरा. पोरीची फी, घराचं भाडं, वीस वर्षं, सगळं एकदम डोक्यात घुसलं. वीस.

"वीस. काही कडू?"

"नाही."

आता तपासणाऱ्याचा आवाज बदलला. मॅडमचं पेन थांबलेलं त्याला ऐकू आलं. पेन थांबल्याचा आवाज नसतो, पण त्याला आला. एकवीस. बावीस. त्याने खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली. पंचवीस. अजूनही म्हणता येईल. सव्वीस. सत्तावीस. पैलवान बाकावरून उठून उभा राहिला होता. अठ्ठावीस. एकोणतीस.

तीस.

तपासणाऱ्याने टोपडं उचललं. ठोक्याचा चेहरा घामाने ओला. "तुम्हाला चव लागत नाही," तो म्हणाला, शिव्या न देता, सरळ. "ही टेस्ट तुमच्यावर होतच नाही. नापास नाही आणि पास पण नाही. कधीपासून?"

"दीड वर्ष."

मॅडम उठून आल्या. हातात मागच्या वर्षीचा कागद. "दीड वर्ष? पण इथे लिहिलंय, दहाला लागलं."

"खोटं सांगितलं मी." आवाज इतका बारीक निघाला की त्यालाच ओळखू आला नाही. "वास पण येत नाही, मॅडम. काहीच येत नाही."

मॅडमनी तो मागच्या वर्षीचा कागद परत बघितला. मग त्याखालचा. मग त्याखालचा. त्यांचं कपाळ आवळलं.

"हे काय? सगळ्यांना दहाच?" त्या कागद उलटत राहिल्या. "चौदाच्या चौदा लोकांना दहा? एकालाही वीस नाही, तीस नाही?"

तपासणाऱ्याने वाकून बघितलं. "असं होत नाही. मागच्या वेळच्या माणसाने नीट तपासलंच नसेल. दहा फवारे मारून नुसतं भरत गेला असेल."

मॅडम खुर्चीत बसल्या आणि जुन्या रकान्यात एकेक चौकट लाल करत गेल्या. ठोक्याची. मग तिच्या वरची. मग खालची. चौदा. तीन मिनिटांत फोरमन दारात उभा. धुण्याची खोली बंद, आतले दोघे बाहेर काढलेले, उद्या पहाटेचा ट्रक रद्द.

"कुणाचं डोकं फिरलंय?" फोरमन गरजला.

"माझं नाही," मॅडम म्हणाल्या. "ज्या टेस्टचा पाया खोटा त्यावर परमिट नाही. गेल्या बुधवारपासून ज्यांची नव्या मास्कची झाली ते पास, ते हिरवे. उरलेल्यांची आज आणि उद्या. तोवर आत कुणी नाही. सही हवी असेल तर देते लिहून."

फोरमनने ठोक्याकडे असं बघितलं की ठोक्या खुर्चीत मावेनासा झाला.

दुपारपर्यंत सगळ्या आवारात पसरलं. ज्यांच्या चौकटी लाल झाल्या त्यांनी तोंडावर सुनावलं. एक म्हणाला, "वा रे वा, स्वतः बुडाला आणि आम्हाला पण घेऊन बुडाला." दुसरा पिंपावर ठक्‌ठक् करून हसला. मेहुणा त्याच्या अंगावर धावला. "ज्याला बोलायचंय त्याने माझ्यासमोर बोलावं! वर्षभर मला माहीत होतं, मीच लपवलं! बोला ना!" दोघांनी धरून मागे ओढलं. नंतर चौकशी लागली, तिच्यात त्याचंही नाव आलं ते यामुळेच.

पैलवान मात्र त्यांच्यात नव्हता. तो ठोक्याच्या शेजारी पिंपावर बसला. चेहरा पांढरा.

"एक तारखेला मी आत येणार होतो," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघत."

"हो."

"आणि तू कुणाकडे बघणार होतास?"

पैलवानने चेहऱ्यावरून हात फिरवला, उठला आणि चालायला लागला. चार पावलांवर थांबला. मागे न वळता म्हणाला, "शिवी द्यावीशी वाटते तुला. पण सांगितलंस ना शेवटी. आता बघू नकोस माझ्याकडे."

मॅडमनी त्याला संध्याकाळी बोलावलं. तक्त्यात त्याच्या ओळीत आता तीन लाल चौकटी. फिट टेस्टच्या जुनी-नवी दोन्ही आणि छातीच्या तपासणीची, कारण डॉक्टरपासून लपवलं म्हणजे तो कागदही गेला.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "मास्क बसतो की नाही ते मशीनने मोजता येतं, त्याला जीभ लागत नाही. ते मी मागवू शकते. पण वास नसलेला माणूस त्या खोलीत चालेल की नाही, ते डॉक्टर ठरवणार, मी नाही. मला वाटतं नाही म्हणतील. पुढच्या गुरुवारी चौकशी आहे. तिथे जे आज सांगितलंस तेच सांग. शब्द बदलू नकोस."

"काढतील का मला?"

"माहीत नाही." मॅडमनी खोटी आशा दिली नाही. "वीस वर्षांत तुझ्या चुकीने तुझी ओळ पहिल्यांदाच लाल झाली. ते मी सांगेन. पुढचं माझ्या हातात नाही. ये, इथे सही कर. लाल आहे हे तुला कळवलं, म्हणून."

त्याने सही केली. सहीचं शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं.

फाटकाबाहेर मेहुणा उभा होता. डोळ्याखाली खरचटलेलं. दोघे शेजारी शेजारी चालत गल्लीच्या टोकापर्यंत आले.

"ताईला कोण सांगणार?" मेहुण्याने विचारलं. "मी सांगू?"

"मी सांगतो."

"मारेल ती तुम्हाला."

"तुला आधी मारेल."

मेहुणा हसला, अर्धवट. मग हसू थांबलं. "दाजी, गुरुवारी काय होईल हो?"

ठोक्याने जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वर दार उघडं होतं, पोर मोठ्याने पाढे म्हणत होती. त्याच्या छातीत अजून तसंच धडधडत होतं, सकाळी टोपड्यात धडधडत होतं तसं. एक पायरी चढून तो थांबला आणि त्याने कठडा धरला.

"तू आधी चल वर," तो म्हणाला. "मी आलो. जरा उभा राहतो इथे."

मेहुणा गेला नाही. तोही तिथेच उभा राहिला.